शिवणाच्या डब्याचा फोटो: कशाला काय म्हणायचं

६ जुलै

भाचीनं फोटो पाठवला. तिच्या आजीचा शिवणाचा डबा, जुना बिस्किटांचा पत्र्याचा, आता नाशिकला तिच्या आत्याकडे आहे. आत्यांनी झाकण काढून वरून एक फोटो घेतला आणि डबा परत कपाटात ठेवला. भाचीला तिच्या राजारामपुरीतल्या शिवणक्लासच्या भिंतीवर लावायला तक्ता करायचाय, त्यात प्रत्येक वस्तूचं नाव हवं. "मावशी, नुसतं सुई-दोरा लिहू नकोस, कुठली सुई ते सांग," अशी ताकीद आहे.

फोटोची मोठी प्रिंट काढून आणली आणि वस्तूंवर पेनानं नंबर टाकले. वहीत तीन रकाने पाडले: नाव, कशावरून ओळखलं, आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात पक्की, बहुतेक किंवा नाही, यातलं एकच लिहायचं. हा तिसरा रकाना भाचीला नको होता, पण तो नसला तर तक्ता म्हणजे अंदाजांची यादी होते.

७ जुलै

सोपं आधी उरकलं. टिच बटणं, अर्धी वेगळी झालेली. हुक आणि त्यांचे आय. सेफ्टी पिना. नाडीचा गुंडाळा. काळ्या आणि पांढऱ्या दोऱ्याची लाकडी रिळं. अंगुस्तान, वरून खळगे दिसतायत त्यामुळे वादच नाही. शर्टाची बटणं, काही शिंपल्याची असावीत कारण एकाच बटणावर दोन रंगांची झाक आहे, पण फोटोत प्लास्टिकही तसं दिसू शकतं, म्हणून "बहुतेक".

दोन मळकट पांढऱ्या वड्या आहेत. भाची म्हणाली दोन्ही खडू. एकीवर बारीक खाचा आहेत, आडव्या-उभ्या, सुरीनं चिरल्यासारख्या. ते मेण. हातशिलाईचा दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंता कमी होतो आणि पीळ सुटत नाही, आणि ओढता ओढता दोरा मेणात खाचा पाडतो. दुसरीची एक कड झिजून धारदार झालीय, ती खरी खडूची. मेण आणि खडू, दोन्ही पक्की.

दाभणही एक आहे, जाडजूड, टोकाशी चपटी. पोती शिवायची. शिवणाच्या डब्यात ती का, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. वाकळेच्या कडेला चार-पाच थर एकत्र आले की साधी सुई वाकते.

९ जुलै

आता खरी अडचण. फोटोत पट्टी नाही, त्यामुळे कुठल्याच वस्तूचं माप कळत नाही. सुया आणि बॉबीन यांची नावं बरीचशी मापावरच ठरतात.

दिवसभर प्रिंटकडे बघत होते आणि उत्तर कोपऱ्यातच होतं. दाढीचं अर्धं ब्लेड. आमच्याकडे शिवण उसवायला टेलर लोक दोन्ही बाजूंना धार असलेलं ब्लेड उभं मधोमध मोडून वापरायचे, अजूनही वापरतात. अशा ब्लेडची लांबी ४३ मिलीमीटर आणि रुंदी २२, सगळ्या कंपन्यांची सारखीच, नाहीतर ती एकमेकांच्या रेझरमध्ये बसली नसती. मोडल्यावर रुंदी निम्मी होते, लांबी तीच राहते. म्हणजे डब्यात पट्टी होती, फक्त तिच्यावर आकडे नव्हते.

फोटो कॉम्प्युटरवर उघडून ब्लेडची लांबी मोजली: ५१६ पिक्सेल. ५१६ भागिले ४३ म्हणजे एका मिलीमीटरला १२ पिक्सेल. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिला.

एक पथ्य मात्र पाळायचं. हे माप ब्लेडच्या पातळीवरच्या वस्तूंनाच लागू होतं. ब्लेड डब्याच्या तळाशी आहे. फोन तळापासून साधारण ३० सेंटिमीटरवर धरला असेल आणि एखादी वस्तू ढिगावर २ सेंटिमीटर वर असेल, तर ती फोनपासून २८ सेंटिमीटरवर आली. ती ३० भागिले २८ या प्रमाणात, म्हणजे ७ टक्क्यांनी मोठी दिसणार. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे "तळाला" किंवा "वर" असं लिहून ठेवलं. वरच्या वस्तूंचं माप कच्चं.

१० जुलै

आज सुया. तळाशी काळ्या कागदात टोचलेल्या काही आणि शेजारी सुट्या काही.

मशीनची कुठली आणि हाताची कुठली, हे नेढ्यावरून एका नजरेत कळतं. मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ असतं, हाताच्या सुईचं मागच्या टोकाला. मशीनच्या सुईचा मागचा भाग जाड असतो, तो मशीनमध्ये घट्ट पकडला जातो. हे भाचीलाही माहीत होतं. तिला पुढचं हवं होतं: मशीनची सुई, पण कुठली?

बाजारात आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार मागितले जातात. घरगुती मशीनची, पाकिटावर एचए×१ असं छापलेली, तिच्या जाड भागाची एक बाजू चपटी असते. आणि कारखान्यातल्या मशीनची, डीबी×१, तिचा जाड भाग पूर्ण गोल. फोटोतल्या सुया ४६० पिक्सेलच्या आसपास, म्हणजे ३८ मिलीमीटर. यावरून काहीच ठरत नाही, कारण दोन्ही प्रकारांची एकूण लांबी जवळजवळ सारखीच आहे. चपटी बाजूही प्रत्येक सुईवर दिसेलच असं नाही. ती खाली किंवा मागे वळलेली असेल तर सुई गोलच वाटते.

भेद जाडीत आहे. घरगुती सुईचा जाड भाग साधारण २ मिलीमीटर, कारखान्याच्या सुईचा १.६. बारा पिक्सेलच्या हिशोबानं पहिली २४ पिक्सेल यायला हवी, दुसरी १९. एवढा फरक फोटोत मोजता येतो. कागदातल्या सगळ्या २३ ते २५ मध्ये आल्या. घरगुती, पक्की. सुट्या सुयांपैकी एक १९ वर आली, तिच्या अंगावर चपटी बाजू कुठे दिसत नाही. ती डीबी×१ असावी. आजीच्या डब्यात ती कशी आली कोण जाणे. एखाद्या टेलरकडून घेतली असेल. घरगुती मशीनमध्ये तशी सुई घातली तर ती बारीक असल्यामुळे नीट टेकत नाही, चपटी बाजू नसल्यामुळे फिरतेही, आणि मशीन मध्येच टाके सोडायला लागतं. क्लासमधल्या मुलींना "मशीन टाके सोडतंय" म्हटलं की दोऱ्याचा ताण आठवतो. आधी सुई काढून बघा, असं मी सांगते.

नंबर मात्र सांगता येणार नाही. चौदा नंबरच्या सुईची दांडी ०.९ मिलीमीटर, सोळाची १. फोटोत ११ पिक्सेल आणि १२ पिक्सेल. एका पिक्सेलचा भरवसा धरून नंबर लिहिणं मला पटत नाही. टोक साधं की टी-शर्टच्या कापडाला लागतं तसं किंचित गोलसर, हे तर अशा फोटोत दिसणंच शक्य नाही. नंबर जाड भागावर कोरलेला असतो, तो वाचायला सुई भिंगाखालीच धरावी लागते.

११ जुलै

हाताच्या सुया. कागदावर ३/९ छापलंय. भाचीला वाटलं, तारीख. मार्चची नववी किंवा सप्टेंबरची तिसरी. तो मापांचा पल्ला आहे: एकाच पाकिटात तीन नंबरपासून नऊ नंबरपर्यंतच्या सुया. इथे एक गोष्ट मुलींना दरवेळी उलटी वाटते. हाताच्या सुईत नंबर वाढला की सुई बारीक होते. मशीनच्या सुईत नंबर वाढला की जाड होते. तक्त्यात हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं ठरवलं.

नेढी बघितली. एकीचं नेढं बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे लांबट आहे, लांबी-जाडी मात्र तीच. ती भरतकामाची, तीन-चार पदरी दोरा ओवायला. पक्की लिहिलं.

१३ जुलै

बॉबीनवर आलो आणि घरात वादाला तोंड फुटलं.

गोल बॉबीन तीन दिसतात, सगळ्या धातूच्या, वरच्या तबकडीवर भोकं. चौथी वस्तू म्हणजे बारीक दांडी आणि दोन्ही टोकांना छोट्या चकत्या, त्यावर निळा दोरा. भाचीचे वडील, म्हणजे भावजी, इचलकरंजीचे. त्यांनी प्रिंट बघून लगेच सांगितलं, "ही कांडी आहे. लूमच्या धोट्यातली. आमच्याकडची आलीय कुठूनतरी."

मोजली. तळाशी आहे, म्हणून माप पक्कं. ४०० पिक्सेल, म्हणजे ३३ मिलीमीटर. लूमची कांडी वीतभर असते, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला धोट्यात बसायला जाड. ही जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी आणि दोन्ही टोकं सारखी. भावजींना आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग काय आहे ते तू सांग की."

ही लांब बॉबीन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून सिंगर कंपनीची २७ आणि २८ नंबरची मशीनं आली, नंतर त्यांचीच १२७ आणि १२८. या मशीनांत खालचा दोरा गोल फिरणाऱ्या डबीत नसतो. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शटल सुईच्या खालून पुढे-मागे झोका घेतं आणि वरच्या दोऱ्याच्या फाशातून पार होतं. त्या शटलच्या पोटात ही लांब बॉबीन असते. म्हणजे भावजी फार लांब नव्हते, धोट्याचंच तत्त्व, फक्त छोटं. हे ऐकून ते खूश झाले आणि वाद तिथेच संपला.

शटल मात्र डब्यात नाही. ते मशीनमध्येच राहिलं असणार. मशीनचा नंबर काय, हे बॉबीनवरून ठामपणे सांगता येत नाही. अशी लांब बॉबीन दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनांतही असायची. खात्री: नाव पक्की, मशीन बहुतेक.

१४ जुलै

गोल बॉबीन जास्त अवघड निघाल्या. घरगुती मशीनांत दोन जाती नेहमी एकमेकींत मिसळतात: क्लास १५ आणि क्लास ६६. आपल्याकडच्या काळ्या घरगुती मशीनांत बहुतेक क्लास १५ चालते, तिची डबी उभी बसते. ६६ आडवी, वरून टाकायची.

फोटोत एका बॉबीनचा व्यास २४६ पिक्सेल, म्हणजे साडेवीस मिलीमीटर. क्लास १५ चा व्यास २० मिलीमीटरच्या थोडा वर, ६६ चा २० च्या आसपास. दोघींत अर्ध्या मिलीमीटरचाही फरक नाही. आणि ही बॉबीन रिळावर चढून बसलीय, म्हणजे तळाच्या वर. ७ टक्के फरक धरला तर खरा व्यास एकोणीसवरही येऊ शकतो. म्हणजे फोटोतला फरकच दोन जातींतल्या फरकाच्या कितीतरी पट मोठा. व्यास मोजण्यात वेळ घालवायचा नाही, असं वहीत लिहून टाकलं.

लक्ष्मीपुरीत मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीमामांकडे प्रिंट घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बघितलं आणि प्रिंट परत दिली.

"वरनं काय कळणार व्हय? बाजूनं दाखवा की."

मग त्यांनी खोक्यातून दोन बॉबीन काढल्या आणि काउंटरच्या काचेवर ठेवल्या. एकीला बोटानं कडेवर दाबलं, ती हलली नाही. दुसरीला दाबलं, ती डुलली. क्लास १५ च्या तबकड्या सपाट असतात, त्यामुळे कड सगळीकडून काचेला टेकते. ६६ च्या तबकड्या बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर, मधला भाग टेकतो आणि कड अधांतरी राहते. जाडीतही फरक आहे, १५ ची जवळजवळ १२ मिलीमीटर आणि ६६ ची ११, पण बॉबीन आडवी पडलेली असेल तर वरून घेतलेल्या फोटोत जाडी दिसतच नाही.

त्यांना विचारलं, चुकीची घातली तर नक्की काय होतं? म्हणाले, फुगीर बॉबीन सपाट डबीत घातली की बसते, पण सैल पडते आणि आत डुलत फिरते. खालचा ताण कमी-जास्त होतो, कापडाच्या उलट्या बाजूला दोऱ्याचे झुपके येतात. गिऱ्हाईक येऊन सांगतं, मशीन बिघडलं. मशीनला काही झालेलं नसतं.

भाचीला तिथूनच फोन केला: आत्यांना एक फोटो आडवा घ्यायला सांग, बॉबीन काचेवर किंवा ताटलीवर ठेवून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून. शेजारी अर्धं ब्लेड आडवं. आणि जपून, धार आहे.

१७ जुलै

फोटो आले नाहीत. नाशिकला लग्न आहे म्हणे.

तोवर मधल्या कप्प्यातल्या गोष्टी. भाचीनं नंबर ११ ला "राणीछाप रुपया" लिहिलं होतं. त्यावर बाईचा चेहरा आहे हे खरं. पण रुपया जड, चांदीचा आणि गोल. ही वस्तू पातळ पत्र्याची, गोलही नाही, खाली निमुळती होत जाते आणि एका कोपऱ्यात वाकलीय. नाणं असं वाकत नाही. निमुळत्या टोकाला पत्रा दुमडलेला दिसतो, त्या दुमडीत काहीतरी पकडलं होतं आणि ते आता नाही. ही सुई ओवणी. बारीक तारेचा चौकोनी फासा या दुमडीतून बाहेर आलेला असतो. तो नेढ्यात घालायचा, फाशातून दोरा ओवायचा, मागे ओढायचा. तार फार नाजूक, जाड दोरा ओढला की आधी तीच निघते आणि चेहरा तेवढा मागे उरतो. बाजारात अजूनही अशीच मिळते, बाईच्या चेहऱ्यासकट. पक्की.

नंबर १४, लाकडी मुठीचा टोच्या. भाचीला शंका होती की ही आरी भरतकामाची सुई असेल. आरीच्या किंवा क्रोशाच्या सुईची दांडी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच जाडीची असते आणि टोकाशी आकडा. इथे टोक धूसर आहे, आकडा आहे की नाही ते दिसत नाही, पण दांडी मुठीपासून टोकापर्यंत सतत निमुळती होत गेलीय. अशी निमुळती दांडी भोक मोठं करायला लागते, आकड्याला नाही. टोच्या. "बहुतेक" लिहिलं, कारण टोक बघितलेलं नाही.

शेजारी घडी मारायचा फूट, पुढे पत्र्याची गुंडाळी असलेला. साडीच्या किंवा ओढणीच्या कडेला बारीक दुमड घालायचा. पक्की.

१९ जुलै

सीम रिपर. यावर भाचीचा सगळ्यात जास्त जोर होता, कारण क्लासमध्ये रोज लागतो आणि रोज हरवतो.

फोटोत ढिगाच्या वर एक तपकिरी प्लास्टिकची मूठ आहे, टोपण नाही, पुढे धातूची दोन टोकं, एक लांब आणि एक आखूड. भाचीची अडचण अशी की आखूड टोकावर लाल मणी नाही. तिच्या मते मणी नाही म्हणजे रिपर नाही.

मणी नंतरही निघू शकतो. बघायचं ते दोन टोकांच्या मधे. रिपरची धार टोकांना नसते, ती दोघांच्या मधल्या वळणात, खोलगट भागात असते. फोटो मोठा केला तर त्या वळणावर एक सरळ पांढरी रेघ चमकते, बाकी धातू काळवंडलेला. घासून केलेली कड अशीच उजेड पकडते. आखूड टोकही नीट बघितलं तर शेवटाला किंचित बारीक आहे, मणी चिकटवलेला असायचा ती जागा. रिपर, पक्की.

मण्याचं काम काय, तेही तक्त्यात लिहायचंय. एकेक टाका तोडायचा असेल तर लांब टोक टाक्याखाली घालून वर उचलायचं, टाका घसरत वळणापर्यंत येतो आणि तुटतो. दोन कापडं उकलून लांब शिवण एकदम उसवायची असेल तर मणी खाली ठेवून पुढे सरकवायचं, मणी कापडावरून घसरतो, टोचत नाही. आजीच्या रिपरला मणी नाही, म्हणजे दुसऱ्या पद्धतीनं वापरला तर कापड फाटणार. जुना रिपर वापरात काढायचा नाही, असं भाचीला सांगितलं. धार बोथट झाली असली तर आणखी वाईट, कारण मग जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात पुढे जातो.

डब्यात ब्लेडही आहे आणि रिपरही. ब्लेड तळाला, रिपर वर. आधी ब्लेडनं उसवायच्या आणि नंतर रिपर आला, असं म्हणायचा मोह होतो. पण डबा किती वेळा उपसला गेला असेल. हा क्रम मी लिहिणार नाही.

२४ जुलै

आत्यांचे फोटो आले. आडवे, उजेड चांगला, ब्लेड शेजारी. तिन्ही बॉबीन एका स्टीलच्या ताटलीत.

दोन सपाट. कड ताटलीला सगळीकडून टेकलेली, खाली उजेडाची फट नाही. ब्लेडवरून जाडी काढली, पावणेबारा मिलीमीटर. क्लास १५. तिसरीच्या खाली एका बाजूला बारीक फट आहे आणि वरची तबकडी मधे उंच दिसते. जाडी ११ च्या जरा आत. क्लास ६६.

म्हणजे डब्यात तीन वेगवेगळ्या मशीनांच्या बॉबीन. आत्यांना विचारलं, घरी मशीनं किती होती? त्यांना एकच आठवतं, काळं, हातानं फिरवायचं. शेजारणीकडून दोरा भरलेली बॉबीन मागून आणायची पद्धत होती, असंही म्हणाल्या. लांब बॉबीन, ६६ आणि गोल बुडाची ती एकटी सुई अशीच आली असेल किंवा नसेल. तक्त्यात मशीनांची संख्या लिहायची नाही, फक्त बॉबीनची जात.

आत्यांनी न सांगता आणखी एक काम केलं. वाचायच्या भिंगातून एका मशीनच्या सुईचा फोटो घेतला. जाड भागावर १६ स्पष्ट वाचता येतं. त्या एका सुईपुढे नंबर लिहिला, बाकीच्यांपुढे जागा कोरी ठेवली. टोच्याचं टोकही पाठवलंय, आकडा नाही. चौदा नंबरची "बहुतेक" खोडून "पक्की" केली.

२७ जुलै

तक्ता भाचीकडे दिला. खात्रीचा रकाना तिनं ठेवला, पण मथळा बदलून "कसं ओळखायचं" केला आणि त्यात माझी कारणं थोडक्यात लिहिली. क्लास १५ आणि ६६ च्या खाली तिनं लिहिलंय: ताटलीत ठेवून कडेला दाबा. शटल मिळालं तर कळवा म्हणून आत्यांना सांगून ठेवलंय. मशीन एका नातेवाइकांकडे गेलंय, ते विचारून बघणार आहेत.